बाललिंग गुणोत्तर: आकडे कसे वाचायचे, कायदा कुठे पकडतो, कुठे सुटतो – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बातम्यांत महाराष्ट्रासाठी कधी ८८३, कधी ८९४, कधी ९१३ असे आकडे येतात. खरा कोणता?

तिन्ही खरोखर जाहीर झालेले आहेत, पण ते एकाच गोष्टीचे नाहीत, आणि ८८३ हा तात्पुरता आकडा पुढे बदलला. बाललिंग गुणोत्तर म्हणजे शून्य ते सहा वयोगटात दर १,००० मुलग्यांमागे किती मुली. ते जनगणनेतून मिळतं. जन्मावेळचं लिंग गुणोत्तर म्हणजे ठराविक काळात दर १,००० मुलग्यांमागे किती मुली जन्मल्या. ते जन्मनोंदणीतून दर वर्षी काढता येतं. पहिल्या आकड्यात जन्मानंतरचे मृत्यूही मिसळलेले असतात, दुसरा मात्र जन्माआधी काय घडलं तेवढंच दाखवतो. लिंगनिदान वाढलंय की घटलंय हे पाहायचं असेल तर दुसरा आकडा हवा.

महाराष्ट्राचं बाललिंग गुणोत्तर १९९१ मध्ये ९४६ होतं, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. यातला २०११ चा आकडा अंतिम आहे. त्याआधी जाहीर झालेला तात्पुरता आकडा ८८३ होता आणि तो आजही लेखांत फिरतो. बीड जिल्ह्याचंही तसंच: तात्पुरता ८०१, अंतिम ८०७. शिवाय ९१३ हा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतही (२०१९–२१) येतो, पण तिथे तो पाहणीआधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांचा आहे. त्याला जनगणनेच्या ८९४ शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ म्हणणं चूक. त्याच पाहणीच्या चौथ्या फेरीत हाच आकडा ९२४ होता, म्हणजे लावायचीच तर तुलना घसरण दाखवते.

मग आदर्श आकडा १,००० का?

नाही. निसर्गतः मुलगे थोडे जास्त जन्मतात, साधारण १०० मुलींमागे १०५. म्हणजे दर १,००० मुलग्यांमागे सुमारे ९५२ मुली. थोडं इकडेतिकडे होऊ शकतं, पण मोठ्या लोकसंख्येत वर्षानुवर्षं ९३५ च्या खाली राहिलेला आकडा निसर्गाचा नसतो. जन्माचं गुणोत्तर हजारावर नेण्याचं उद्दिष्ट फलकांवर लिहिलेलं दिसतं. ते निसर्गालाही जमत नाही, म्हणून कागदावर जमवण्याचा मोह होतो.

आमच्या गावात यंदा १२ मुलगे आणि ८ मुली जन्मल्या. गुणोत्तर ६६७ येतं. गावात काही चालू आहे का?

यावरून काहीच सांगता येत नाही. वीस नाणी उडवली तर आठ-बारा सहज पडतात. निव्वळ योगायोगाने आकडा किती हलतो याचा अंदाज असा: १०० जन्मांत मुली ३९ ते ५९ पर्यंत असू शकतात, म्हणजे गुणोत्तर साधारण ६४० पासून चौदाशेच्या पुढे काहीही येईल. १,००० जन्मांत ते ८४० ते १,०८० च्या दरम्यान राहील. १०,००० जन्मांत मात्र ९१५ ते ९९० इतकंच हलेल.

म्हणून गावागावांचं लिंग गुणोत्तर काढून ‘पहिलं गाव’, ‘शेवटचं गाव’ ठरवणं आणि त्यावर बक्षीस किंवा नोटीस देणं याला अर्थ नाही. यंदा शेवटी असलेलं गाव पुढच्या वर्षी काहीही न करता वर येतं, आणि मग कुणीतरी त्याचं श्रेय घेतं. गावासाठी पाच-सात वर्षांचे जन्म एकत्र करा किंवा तालुका हे एकक धरा.

तालुक्याचा आकडा कमी आला, तर पुढे काय पाहायचं?

एकच प्रश्न विचारायचा: हे जन्म कोणत्या क्रमांकाच्या मुलाचे आहेत आणि घरात आधी कोण आहे? मुली सगळीकडून सारख्या कमी होत नाहीत. पहिल्या बाळंतपणात बहुतेक कुटुंबं जे होईल ते स्वीकारतात. कात्री लागते ती पहिली मुलगी असताना येणाऱ्या दुसऱ्या गर्भाला, आणि दोन मुलींनंतरच्या तिसऱ्याला तर जास्तच.

समजण्यासाठी एक काल्पनिक तालुका घेऊ. वर्षाला २,५०० जन्म, त्यात १,३५२ मुलगे आणि १,१४८ मुली. गुणोत्तर ८४९. आता हे जन्म वेगळे करू.

- पहिलं मूल: ५९० मुलगे, ५६० मुली. गुणोत्तर ९४९.
- दुसरं मूल, आधी मुलगा: २३१ मुलगे, २१९ मुली. गुणोत्तर ९४८.
- दुसरं मूल, आधी मुलगी: ३५० मुलगे, २५० मुली. गुणोत्तर ७१४.
- तिसरं किंवा पुढचं, आधी सगळ्या मुली: १२० मुलगे, ६० मुली. गुणोत्तर ५००.
- तिसरं किंवा पुढचं, आधी किमान एक मुलगा: ६१ मुलगे, ५९ मुली. गुणोत्तर ९६७.

‘तालुक्याचं गुणोत्तर ८४९’ या वाक्यातून सगळा तालुका दोषी वाटतो. प्रत्यक्षात २,५०० पैकी १,७२० जन्म अगदी नैसर्गिक आहेत. बिघाड उरलेल्या ७८० जन्मांत आहे, आणि हे दोन्ही गट योगायोगाच्या मर्यादेबाहेर आहेत: आधी मुलगी असलेल्या ६०० दुसऱ्या जन्मांत नैसर्गिकरीत्या २६९ ते ३१७ मुली अपेक्षित होत्या, झाल्या २५०. आधी सगळ्या मुली असलेल्या १८० जन्मांत ७५ ते १०१ अपेक्षित होत्या, झाल्या ६०.

३५० मुलग्यांमागे ३३३ आणि १२० मागे ११४ मुली हव्या होत्या, म्हणजे तूट ८३ अधिक ५४, एकूण १३७. हा गर्भपातांचा नेमका हिशेब नाही हे ध्यानात ठेवा. गर्भ पाडलेलं जोडपं पुन्हा प्रयत्न करतं आणि पुढच्या खेपेला मुलगा झाला तर तो मुलग्यांच्या रकान्यात भर घालतो. एकाच बाईचे दोन-तीन गर्भपात झालेलेही असतात. आकडा दिशा आणि आवाका सांगतो, तेवढाच वापरावा.

ही विभागणी करायला माहिती कुठून मिळते?

जन्माच्या नोंदीच्या अर्जात आईला आजवर किती जिवंत मुलं झाली हा प्रश्न असतो, त्यामुळे क्रम कळतो. आधीची मुलं मुलगे की मुली हे मात्र त्यातून कळत नाही. ते आशा सेविका आणि एएनएम यांच्याकडच्या माता व बालकांच्या नोंदींतून घ्यावं लागतं, आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याला ते जुळवणं शक्य आहे.

दोन ठिकाणी घसरायला होतं. एक, जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो, आईच्या राहत्या गावी नाही. पहिलं बाळंतपण माहेरी किंवा शहरातल्या दवाखान्यात होतं, दुसरं-तिसरं सासरी. म्हणून शहराचा आकडा बरा आणि आजूबाजूच्या तालुक्याचा वाईट दिसू शकतो. राहत्या पत्त्यावर फेरमांडणी केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. दुसरं, नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. घरी जन्मलेल्या मुलीची नोंद शाळाप्रवेशापर्यंत रेंगाळते. अशा उशिराच्या नोंदी आल्या की मागच्या वर्षांचा आकडा आपोआप सुधारतो.

‘मुलगा होईपर्यंत मुलं होऊ देणं’ यानेही गुणोत्तर घसरतं ना?

हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. चाचणी न करता, मुलगा झाला की थांबायचं असं सगळ्यांनी ठरवलं तरी जन्माचं गुणोत्तर ९५२ च्या आसपासच राहतं, कारण प्रत्येक बाळंतपणात शक्यता तीच असते. बदलतं ते वेगळंच: मुली मोठ्या भावंडसंख्येच्या घरांत वाढतात, वाट्याला दूध, शाळा, डॉक्टर कमी येतात, आणि शेवटचं अपत्य बहुतेक मुलगा असतो. २०१७–१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत अशा ‘नको असताना झालेल्या’ मुलींची संख्या सुमारे २ कोटी १० लाख धरली होती. साताऱ्यात २०११ मध्ये जिल्हा परिषदेने पावणेतीनशेहून अधिक ‘नकुशा’ मुलींना नवी नावं दिली, त्या याच मुली.

म्हणजे मुलग्याचा हट्ट दोन वाटांनी बाहेर पडतो. मोठ्या कुटुंबात तो मुलींच्या वाट्यातून, लहान कुटुंबात गर्भातून.

शिक्षण आणि पैसा वाढला तरी गुणोत्तर का घसरलं?

साधं गणित आहे. चार मुलं होणाऱ्या कुटुंबात एकही मुलगा न होण्याची शक्यता साधारण १८ मध्ये एक असते. दोनच मुलं हवी असतील तर ती चारात एक होते. महाराष्ट्राचा एकूण जननदर पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आला. कुटुंब आक्रसलं, पण ‘एक तरी मुलगा हवाच’ ही अट तशीच राहिली, आणि ती अट पुरी करून देणारं यंत्र तालुक्याच्या बाजारपेठेत आलं. म्हणून २००१ मध्ये कोल्हापूर (८३९) आणि सांगली (८५१) हे उसाचे, दुधाचे, सहकाराचे सधन जिल्हे तळाशी होते, तर गडचिरोली २०११ मध्येही ९६१ वर होतं.

ही अट पुसली जात नाही, कारण तिच्यामागे रोजचा व्यवहार आहे. मुलगी लग्नानंतर सासरी जाते आणि म्हातारपणी आईबाप मुलाकडे राहतात. जमीन मुलाच्या नावे होते. हुंडा आणि लग्नाचा खर्च मुलीच्या बापावर पडतो. बीडसारख्या ऊसतोड जिल्ह्यात भर म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने नवरा-बायको ‘कोयता’ म्हणून फडात असतात. वयात आलेल्या मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं हा प्रश्न लवकर लग्नाने सोडवला जातो. अग्नी देणं, वंशाचा दिवा वगैरे कारणं लोक पुढे करतात खरी, पण जमीन आणि म्हातारपण या दोन गोष्टी काढून घेतल्या तर त्यांत फार दम उरणार नाही.

कायदा नेमका कशाला बंदी घालतो? शिक्षा कुणाला होते?

लिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. सेहत आणि मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्यानंतर २००३ मध्ये कायदा दुरुस्त होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात आली. हाच आजचा पीसीपीएनडीटी कायदा.

गर्भाचं लिंग तपासणं, सांगणं आणि त्याची जाहिरात करणं हे तिन्ही गुन्हे आहेत. सांगणं म्हणजे फक्त तोंडाने नव्हे; पेढा की बर्फी, बोटाची खूण, देवाचं नाव घेणं, सगळं त्यात येतं. डॉक्टर किंवा केंद्रचालकाला पहिल्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षं आणि ५०,००० पर्यंत. आरोप निश्चित झाले की वैद्यकीय परिषदेकडून नोंदणी निलंबित होते. शिक्षा झाल्यास पहिल्या वेळी पाच वर्षांसाठी आणि दुसऱ्या वेळी कायमची रद्द. चाचणी करवून घेणारे नवरा, सासू आणि दलाल यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० पर्यंत दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षं आणि एक लाखापर्यंत.

जिला चाचणीला भाग पाडलं गेलं ती गर्भवती आरोपी नसते. उलट तिच्यावर घरच्यांनी सक्ती केली असं न्यायालय गृहीत धरतं आणि तसं नव्हतं हे घरच्यांना सिद्ध करावं लागतं. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक बायका साक्ष द्यायला घाबरतात.

फॉर्म एफ म्हणजे काय? एका फॉर्मवरून डॉक्टरला शिक्षा कशी?

गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी हा फॉर्म भरायचा असतो. त्यात तिचं नाव, वय, पत्ता, हयात मुलगे आणि मुली त्यांच्या वयासह, शेवटच्या पाळीची तारीख किंवा गर्भाचे आठवडे, कुणी पाठवलं, कशासाठी तपासणी आणि निष्कर्ष असतो. शिवाय दोन घोषणापत्रं असतात: ‘मला लिंग जाणून घ्यायचं नाही’ असं तिचं आणि ‘मी ते तपासलं वा सांगितलं नाही’ असं डॉक्टरचं. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो. कागद किमान दोन वर्षं जपायचे, खटला चालू असेल तर तो संपेपर्यंत.

बंद खोलीत डॉक्टर काय बोलला याचा पुरावा मिळत नाही, म्हणून कायद्याने कागदाला धरलं. नोंदीत उणीव किंवा खोटेपणा आढळला तर तोच कायद्याचा भंग मानला जातो, आणि तसं नाही हे डॉक्टरने सिद्ध करायचं. ‘या कारकुनी चुका आहेत’ असं म्हणत स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. मे २०१९ मध्ये न्यायालयाने तो मुद्दा फेटाळला.

फॉर्म तपासताना बहुतेक पथकं रिकामा रकाना शोधतात. चलाख केंद्राचे फॉर्म सुबक भरलेले असतात, त्यामुळे काहीच सापडत नाही. वर तालुक्याचे जन्म वेगळे केले तसे फॉर्मही वेगळे करावे लागतात. तीन महिन्यांचे फॉर्म घ्या आणि मुलगा नसलेल्या, एक किंवा अधिक मुली असलेल्या बायकांचे बाजूला काढा. त्यात गर्भाचे आठवडे पाहा. ११ ते १३ आठवड्यांची आणि १८ ते २० आठवड्यांची तपासणी वैद्यकीयदृष्ट्या नेहमीची आहे. मधल्या १४ ते १७ आठवड्यांत याच बायकांची गर्दी दिसली, कारण मोघम लिहिलेलं असलं, पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी नसली आणि पत्ता दोन तालुके सोडून पलीकडचा असला, तर थांबून चौकशी करावी. त्याच केंद्रातल्या मुलगा असलेल्या बायकांच्या फॉर्मशी तुलना करा. दोन्ही गटांत १४–१७ आठवड्यांचं प्रमाण सारखं असेल तर ती डॉक्टरची पद्धत असू शकते.

मग फॉर्मची संख्या पावतीपुस्तकाशी आणि यंत्रात साठलेल्या प्रतिमांच्या तारखांशी जुळवा. यंत्राचा अनुक्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. प्रमाणपत्रावर एक यंत्र आणि खोलीत दोन, हे घडतं.

सगळे फॉर्म बरोबर असूनही लिंगनिदान चालू असेल तर?

असतंच. हातात मावणारं यंत्र मोटारीत घेऊन फिरणारा माणूस फॉर्म भरत नाही. बऱ्याचदा तो डॉक्टरही नसतो. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ इथे एका विवाहितेच्या मृत्यूनंतर ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले, तो दवाखाना होमिओपॅथीच्या डॉक्टरचा होता. अशांसाठी बनावट ग्राहक पाठवणं हाच उपाय उरतो, ज्याला सगळे ‘डिकॉय’ म्हणतात.

त्याची रीत थोडक्यात अशी. खरोखर गर्भवती असलेली स्त्री स्वेच्छेने, लेखी संमती देऊन तयार होते. दलालाला द्यायच्या नोटांचे क्रमांक आधी पंचांसमोर पंचनाम्यात उतरवतात. तिच्याबरोबर साक्षीदार बाई असते, आवाज किंवा चित्र टिपणारं उपकरण असतं. इशारा मिळताच पथक आत जातं, नोटा हस्तगत होतात, यंत्र आणि कागद सील होतात, जप्तीची यादी दोन प्रतींत होते आणि एक प्रत केंद्रचालकाला सहीनिशी दिली जाते.

खटले पडतात ते या रात्रीतल्या धाडसामुळे नाही, कागदामुळे. धाडीनंतरची तक्रार समुचित प्राधिकाऱ्याने न्यायालयात दाखल करायची असते. तिथे भलत्याच अधिकाऱ्याची सही असते, किंवा त्याच्या नेमणुकीची राजपत्रातली अधिसूचना जोडलेली नसते. नोटांचा पंचनामा धाडीनंतर केलेला निघतो. पंच त्याच गल्लीतले असतात आणि साक्षीच्या वेळी फितूर होतात. ध्वनिमुद्रणाची मूळ प्रत हरवते. गर्भवती स्त्रीला तीन वर्षांनी साक्षीला बोलावतात, तेव्हा तिचं मूल बालवाडीत असतं आणि सासरचे तिला पाठवत नाहीत. धाडीच्या दिवशीच सरकारी वकिलाला कागद दाखवले तर यातलं निम्मं टळतं.

गर्भपातच बंद केला तर प्रश्न सुटणार नाही का?

नाही, आणि हा मार्ग घातक आहे. गर्भपात १९७१ च्या कायद्याने अटींसह वैध आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि काही ठराविक गटांतल्या स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने. सोनोग्राफीत लिंग साधारण १२ ते १४ आठवड्यांच्या पुढे दिसतं. गोळ्यांनी होणारे बहुतेक गर्भपात त्याच्या बरेच आधी होतात. त्यामुळे औषध दुकानांवर धाडी घालून गोळ्या गायब करणं म्हणजे लिंगनिवडीशी संबंध नसलेल्या बाईला म्हैसाळसारख्या ठिकाणी ढकलणं. गर्भपात केंद्राच्या तपासणीतही स्त्रीची ओळख गुप्त ठेवण्याचं बंधन आहे.

मुली असलेल्या प्रत्येक गर्भवतीवर पाळत ठेवण्याच्या योजनेलाही हीच मर्यादा आहे. पाळत कळली की बाई नोंदणीच उशिरा करते, आणि तपासण्या, लोहाच्या गोळ्या, सगळंच चुकतं. म्हणून वर सांगितलेली विभागणी केंद्रांवर लक्ष ठेवायला वापरावी, बायकांवर नाही.

रक्ताच्या चाचणीने दहाव्या आठवड्यातच लिंग कळतं असं ऐकलं. तीही बेकायदा आहे का?

आईच्या रक्तातल्या गर्भाच्या डीएनएची तपासणी गुणसूत्रांतले दोष पाहण्यासाठी वैध आहे, पण नोंदणीकृत केंद्रातच. तिचा वापर लिंग जाणण्यासाठी करणं गुन्हाच. धोका असा की रक्ताची कुपी राज्याबाहेर जाऊ शकते आणि यंत्रावर लक्ष ठेवणाऱ्या आजच्या पद्धतीला ती दिसत नाही.

‘लेक लाडकी’सारख्या योजनांनी फरक पडतो का?

आधी रक्कम पाहू. १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबातल्या मुलीला जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये, एकूण १,०१,०००. शिकणाऱ्या गरीब मुलीला याचा उपयोग आहे. तो वेगळा हेतू आहे आणि चांगला आहे.

जन्माच्या गुणोत्तरावर परिणाम मात्र फारसा अपेक्षू नये. सधन घरं पात्रच नाहीत. पहिल्या मुलीलाही तेवढंच मिळतं, जिच्या जन्माला सहसा धोका नसतो. आणि काही हप्त्यांसाठी कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे जे जोडपं दोन मुलींवर थांबायला आधीच तयार आहे तेच पुढे येतं. हरियाणाच्या ‘देवीरूपक’ योजनेच्या अभ्यासात तर पहिल्या जन्माचं गुणोत्तर बिघडलेलं आढळलं. त्या मानाने केंद्राच्या मातृवंदना योजनेत दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये देण्याची तरतूद नेमक्या जागी बोट ठेवते, रक्कम तोकडी असली तरी. ‘बेटी बचाओ’चं म्हणाल तर २०१६ ते २०१९ या काळात राज्यांना दिलेल्या निधीतला सुमारे ७९ टक्के हिस्सा प्रसिद्धीवर गेल्याचं संसदीय समितीनेच नोंदवलं.

उलट दिशेला ढकलणारी धोरणंही आहेत. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झाल्यास महाराष्ट्रात पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. सरकारी नोकरीसाठीही २००५ पासून लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. ज्याला मुलगा हवाच आहे आणि सरपंचही व्हायचंय, त्याच्यासाठी दुसरी खेप शेवटची ठरते. वरच्या काल्पनिक तालुक्यासारखं त्याच खेपेला गुणोत्तर ७१४ वर आलं तर नवल नाही.

मुलींना वारसाहक्क दिला, तरी काही बदललं नाही?

कायदा बदलला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध वाटा दिला. तलाठी कार्यालयात मात्र वेगळं घडतं. बाप गेल्यावर वारसनोंदीत बहिणींची नावं लागतात आणि लगेच हक्कसोडपत्र तयार होतं. ‘माहेर तुटेल’ एवढं वाक्य पुरतं. आईबापांच्या मनातला हिशेब बदलायचा तर जमीन खरंच मुलीच्या नावावर राहिलेली शेजारीपाजारी दिसायला हवी. रोख योजनांपेक्षा इथे काम जास्त आहे आणि होतं सर्वांत कमी. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ ही मुलाइतकीच मुलीचीही जबाबदारी आहे, हेही क्वचितच कुणी सांगतं.

एखाद्या केंद्राबद्दल संशय आहे. तक्रार कुठे आणि कशी करावी?

जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक, महापालिकेत आरोग्य अधिकारी, तालुक्यात ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक हे समुचित प्राधिकारी असतात. राज्याचा निःशुल्क क्रमांक १८०० २३३ ४४७५ आहे. नाव गुप्त ठेवता येतं. ‘तिथे काहीतरी चालतं’ एवढ्यावर पथक जाऊन रिकाम्या हाताने परत येतं, आणि केंद्र सावध होतं. केंद्राचं नाव, कोणत्या वारी किती वाजता, दलाल कोण, गाडीचा क्रमांक, किती पैसे मागितले, एवढं द्या. आधी व्हॉट्सअॅपवर टाकू नका.

नियमांनुसार तक्रारीची दखल २४ तासांत घ्यायची असते आणि तपास ४८ तासांत पूर्ण करायचा असतो. तसं झालं नाही तर कोणतीही व्यक्ती प्राधिकाऱ्याला किमान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात तक्रार करू शकते. नोटिशीत घटना, कायद्याचं कलम आणि न्यायालयात जाण्याचा इरादा स्पष्ट लिहा. ती नोंदणीकृत टपालाने पाठवा किंवा कार्यालयात देऊन आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसेल तर १५ दिवस कधी सुरू झाले हे दाखवता येत नाही आणि तक्रार पहिल्याच तारखेला अडकते.